लेस ओळखावी भोकावरून

मुंबईच्या लेसच्या घाऊक दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, की ‘जीपीओ दाखवा’ अशी मागणी कानावर येते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला टपाल कार्यालय आठवतं. दुकानदार मात्र मागे वळून जाड, फुलाफुलांच्या, कोरीव काम केल्यासारख्या लेसचा ताका काउंटरवर टाकतो. गिप्यूर हा फ्रेंच शब्द सुरतेच्या आणि मुंबईच्या बाजारात तोंडातोंडी फिरत जीपीओ झाला. आता तो इतका रुळला आहे, की बिलावरही तसाच लिहिला जातो.

त्याच काउंटरवर शेजारी आणखी दोन ताके असतात. एक पांढऱ्या सुती कापडाचा, गोल आणि पानाच्या आकाराच्या भोकांचा. त्याला इंग्रजीत आयलेट म्हणतात. मराठी घरांमध्ये तो ‘हकोबा’ म्हणून ओळखला जातो. हकोबा हे मुळात एका ब्रँडचं नाव, पण आता या जातीच्या सगळ्याच कापडाला ते चिकटलं आहे. दुसरा ताका शँटिलीचा: पातळ, झिरझिरीत, बारीक जाळीवर सावलीसारखी फुलं उमटलेला.

गिऱ्हाईक या तिघींना सरसकट लेस म्हणतं आणि रंग, नक्षी, भाव पाहून निवड करतं. ब्लाऊज शिवायला बसल्यावर फरक समोर येतो. एकीला अस्तर नसलं तरी चालतं, दुसरीला टक्स घालता येत नाहीत, तिसरीची शिवण लपता लपत नाही. या सगळ्याचं मूळ एका साध्या प्रश्नात आहे: लेसमधलं भोक तयार कसं झालं? आयलेटमध्ये ते आधीच्या कापडाला पाडलेलं असतं. गिप्यूरमध्ये कापड नाहीसं केल्यावर ते उरलेलं असतं. शँटिलीमध्ये धागे एकमेकांभोवती वळवताना ते आपोआप घडलेलं असतं.

आयलेट समजायला सगळ्यात सोपी. हाताने करायची तर आधी कापडावर छोटं वर्तुळ काढून त्यावरून धावदोरा घालतात. मग मधोमध टोच्याने भोक पाडतात किंवा कात्रीने फुलीसारखा छेद देतात, कापडाच्या कडा मागे वळवतात आणि कडेभोवती जवळजवळ टाके घालून ती बांधून घेतात. काजाची कड बांधावी, तसंच हे काम. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये बायकांचे परकर, मुलांचे झगे, रात्रीचे पोशाख यांवर हे पांढऱ्यावर पांढरं काम इतकं चाललं, की फ्रेंचांनी त्याला ‘ब्रॉडरी आंग्लेज’, म्हणजे इंग्लिश भरतकाम, असं नाव दिलं. 1959 मध्ये ब्रिजित बार्दोने लग्नात गुलाबी चौकडीचा साधा सुती पोशाख घातला. त्याच्या कडांना हीच झालर होती आणि त्यानंतर तो चौकडीचा कपडा नि ती झालर दोन्ही फ्रान्सभर पसरली.

काटेकोर बोलायचं तर आयलेट ही लेसच नाही, ते भरतकाम आहे, कारण तिचा पाया विणलेलं कापड आहे. शिवणाऱ्याच्या दृष्टीने हाच तिचा मोठा गुण. भोकाभोवतीचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं असल्यामुळे ते साध्या सुती कापडासारखं वागतं. टक्स बसतात, चुण्या पडतात, इस्त्री नीट होते. उघडेपणही हिशेबातलं: भोकं सुटी सुटी असतात आणि मध्ये भरपूर कापड राहतं. म्हणून तान्ह्या बाळाचं झबलं, उन्हाळी कुर्ता, परकराची झालर, रोजचं ब्लाऊज अशा अंगाला लागणाऱ्या आणि वारंवार धुवायच्या कपड्यांत ती टिकते.

चांगली आयलेट ओळखायला कापड उलटं करावं आणि उजेडासमोर धरावं. यंत्रावर भोक पाडायला सुयांजवळ टोकदार पाती असतात. ती बोथट झाली असतील तर भोक स्वच्छ पडत नाही आणि तंतू आत लोंबत राहतात. कडेचे टाके विरळ असतील तर दोन-चार धुण्यांनंतर गोल भोक लांबट होऊन कड उसवायला लागते. आणखी एक गोष्ट शिंपी सांगतात ती खरी आहे: सुती आयलेट कापण्याआधी भिजवून वाळवून घ्यावी. कापड आणि भरतकामाचा दोरा वेगवेगळ्या प्रमाणात आटले, तर भोकांभोवती कापड चुरगळल्यासारखं ओढलं जातं आणि ते इस्त्रीनेही सरळ होत नाही.

गिप्यूरची गोष्ट याहून चमत्कारिक आहे.

नाव जुनं आहे. फ्रेंचमध्ये ‘गिपे’ म्हणजे एखाद्या दोरीभोवती रेशीम गुंडाळणं. अशा गुंडाळलेल्या दोऱ्यांच्या नक्षीला गिप्यूर म्हणत. पुढे ज्या लेसमध्ये मागे जाळी नसते आणि फुलं-पानं एकमेकांना फक्त छोट्या दांड्यांनी जोडलेली असतात, अशा सगळ्या लेसना ते नाव पडलं. त्या सुईने आणि बॉबिननी हातावर होत. आज बाजारात मिळणारी गिप्यूर यंत्रावरची आहे आणि तिचा जन्म स्वित्झर्लंड आणि जर्मनीत झाला.

1863 मध्ये इझाक ग्रोब्ली या स्विस माणसाने भरतकामाचं नवं यंत्र योजलं. शिलाई मशीनमध्ये असतात तसे त्यात दोन धागे होते. वरचा सुईत आणि खालचा एका छोट्या धोट्यात. हा धोटा होडीच्या आकाराचा म्हणून त्याला स्विस बोलीत ‘शिफ्ली’, छोटी होडी, म्हणू लागले. तेच यंत्राचं नाव झालं. सुरतेच्या कारखान्यांत आजही ते ‘शिफली’ म्हणूनच ओळखलं जातं. पंधरा यार्ड लांबीच्या यंत्रावर हजारभर सुया एका ओळीत असतात आणि ताणून बसवलेल्या कापडावर एकाच वेळी तेच फूल हजार ठिकाणी उमटतं. आयलेटही याच यंत्रावर होते.

पण त्यातून निघत होतं ते कापडावरचं भरतकाम. लेस नव्हे. सेंट गालेन आणि सॅक्सनीतलं प्लाउएन इथल्या कारखानदारांना मागणी होती ती व्हेनिसच्या जुन्या सुईच्या लेससारख्या मालाची, ज्यात फुलांमागे काहीच नसतं. 1880 च्या दशकात त्यावर तोडगा निघाला. भरतकाम सुती दोऱ्याने करायचं, पण कापड रेशमाचं घ्यायचं. मग सगळा तागा तीव्र क्षारात बुडवायचा. रेशीम हे प्राणिज तंतू, ते क्षारात विरघळतं. कापूस वनस्पतिज, तो तग धरतो. कापड पाण्यात गेलं आणि मागे राहिली ती निव्वळ टाक्यांची लेस. म्हणूनच तिला केमिकल लेस असंही म्हणतात. पुढे रेशमाऐवजी दुसरे विरघळणारे पाये आले. आता पाण्यात विरघळणारा कागदासारखा कृत्रिम पाया वापरतात, त्यामुळे क्षाराची गरज उरली नाही.

एकदा हे कळलं, की जीपीओच्या ताक्याचा सगळा स्वभाव कळतो. भोक पाडलेलं नाही, ते नुसतं उरलेलं आहे. सगळा भार टाक्यांनी एकमेकांना धरून ठेवण्यावर आहे. म्हणून नक्षी काढणाऱ्याला प्रत्येक फूल, प्रत्येक दांडी किमान दोन ठिकाणी जोडावी लागते आणि वरच्या टाक्यांखाली आधीच आडव्या-तिरक्या टाक्यांचं जाळं घालून घ्यावं लागतं. त्यात काटकसर केली, तर माल यंत्रावर सुरेख दिसतो, कारण तोवर खाली कापड असतं. धुतल्यावर पाकळ्या सुटतात, दांड्या लांबतात, फूल वाकडं होतं. स्वस्त जीपीओमध्ये हा दोष नेहमी सापडतो. तपासायचं तर एक फूल दोन्ही चिमटीत धरून हलकेच ताणावं. आकार परत जागेवर आला तर टाके घट्ट आहेत. टाके पसरून त्यांतून उजेड दिसू लागला, तर ती लेस एका मोसमाची.

दुसरा दोष कमी माहीत असतो. विरघळणारा पाया नीट धुतला गेला नाही, तर तो टाक्यांमध्ये पेजेसारखा राहतो. दुकानात अशी लेस छान कडक, उंची वाटते. पहिल्या धुण्यात ती आधी चिकट होते आणि मग लुळी पडते. दुकानदाराची हरकत नसेल, तर नमुन्याचा एक तुकडा घरी नेऊन गरम पाण्यात बुडवावा आणि बोटांनी चोळून पाहावा. बुळबुळीत लागलं, तर कापण्याआधी सगळी लेस कोमट पाण्यातून दोनदा काढून घ्यावी.

गिप्यूरला वजन असतं, उठाव असतो, भोकं मोठी आणि वेडीवाकडी असतात. ती अंगासरशी वाहत नाही, स्वतःचा आकार धरून राहते. म्हणून ती सरळ बेताच्या कपड्यांत शोभते: जॅकेट, गुडघ्यापर्यंतचा पोशाख, बंद गळ्याचं ब्लाऊज. 2009 च्या जानेवारीत बराक ओबामांच्या शपथविधीला मिशेल ओबामांनी कडाक्याच्या थंडीत जो फिकट पिवळा पोशाख आणि कोट घातला, तो डिझायनर इझाबेल तोलेदो यांचा. त्याची लेस सेंट गालेनच्या फॉर्स्टर रोनर कंपनीची, लोकरीची होती. बर्फाळ दुपारी लेस घालता आली, ती तिच्या या भरदार बांध्यामुळे आणि आतल्या अस्तरांमुळे.

शँटिली हे पॅरिसच्या उत्तरेकडचं एक गाव. सतराव्या शतकापासून तिथे आणि आसपास बॉबिनची लेस होत असे. उशीवर नक्षीचा कागद, त्यावर टाचण्या आणि त्यांभोवती लाकडी बॉबिनवरचे धागे एकमेकांत वळवत, अदलाबदल करत पुढे न्यायचे. अठराव्या शतकात राजदरबारात या लेसला मोठं मानाचं स्थान मिळालं आणि त्याच नात्यामुळे फ्रेंच राज्यक्रांतीत हा धंदा मोडला. नेपोलियनच्या काळात तो पुन्हा उभा राहिला, पण नॉर्मंडीतल्या बायो आणि कां या गावांच्या आसपास. एकोणिसाव्या शतकातल्या ज्या काळ्या शाली संग्रहालयांत पाहायला मिळतात, त्यांतल्या बऱ्याच तिकडच्या. नाव मात्र जुन्या गावाचंच राहिलं.

या लेसमध्ये पाहण्यासारख्या तीन गोष्टी असतात. मागची जाळी बारीक षटकोनी घरांची. फुलांच्या आतला भाग घट्ट विणलेला नसतो, तो विरळ, तिरप्या धाग्यांचा असतो, त्यामुळे फूल भरीव न दिसता पेन्सिलने छटा दिल्यासारखं दिसतं. आणि प्रत्येक पाकळीच्या कडेने एक जाडसर, पीळ नसलेला धागा फिरलेला असतो. तोच फुलाला जाळीपासून वेगळं काढतो. रेशीम चमक नसलेलं, बहुधा काळं. मोठी शाल एका तुकड्यात होत नसे. अरुंद पट्ट्या वेगवेगळ्या बायका करत आणि त्या पट्ट्या अशा टाक्याने जोडल्या जात, की जोड जाळीतच मिसळून जाई. हा टाका घालणं हेच एक स्वतंत्र कसब होतं.

यंत्रावर हे आणणं अवघड होतं, कारण भोक घडायला धागा धाग्याभोवती फिरला पाहिजे. 1813 मध्ये नॉटिंगहॅमच्या जॉन लीव्हर्सने जे यंत्र केलं, त्यात नाण्याहून पातळ पितळी चकत्यांवर धागा गुंडाळलेला असतो आणि त्या उभ्या धाग्यांच्या मधून मागेपुढे झुलतात. सुरुवातीला त्यावर साधी जाळी निघे. पुढे जकार्डची जोड मिळाली आणि फुलं आली. 1816 च्या सुमारास इंग्रज कारागिरांनी अशी यंत्रं चोरून समुद्रापार कालेला नेली. काले आणि कोद्री या फ्रेंच गावांत लीव्हर्सची जुनी यंत्रं आजही चालतात. नवी कोणी बनवत नाही.

काउंटरवर शँटिली म्हणून जी लेस दिसते, ती बहुतेक वेळा राशेल यंत्रावरची असते, नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची. राशेल ही विणकाम, म्हणजे निटिंग आहे. तिचे धागे फाशांनी अडकतात, एकमेकांभोवती वळत नाहीत. घड्याळजीची भिंगाची डबी डोळ्याला लावली, की जाळीच्या दांडीत साखळीसारखे फासे स्पष्ट दिसतात. लीव्हर्सच्या जाळीत दोरीसारखा पीळ दिसतो. राशेल वाईट नव्हे. स्वस्त आहे, मजबूत आहे, ओढणीला, बाहीला उत्तम चालते. पण तिला लीव्हर्सचा भाव देऊ नये. तिसरा प्रकार म्हणजे नेटवर केलेलं भरतकाम. ते तर नखानेही ओळखू येतं: फुलाच्या मागून नेटची जाळी अखंड पुढे गेलेली असते आणि दोरा तिच्यावर बसलेला असतो. खऱ्या शँटिलीत फूल आणि जाळी एकाच धाग्यांतून आलेली असतात, मागे दुसरं काही नसतं.

उघडेपण जोखायला तिन्हींखाली तळहात धरून पाहावा. आयलेटखाली त्वचेचे ठिपके दिसतात. गिप्यूरखाली तुकडे दिसतात, मधली बाजू पूर्ण झाकलेली आणि भोकांतून कातडी उघडी. शँटिलीखाली सगळा हात दिसतो, पण धुक्यातून पाहावा तसा. म्हणून शँटिलीचं काम पडद्याचं: खांदे, पाठ, बाह्या, बुरखा, स्पेनच्या बायका डोक्यावर घेतात तो मँटिला. अस्तर द्यायचंच तर त्वचेच्या रंगाचं पातळ नेट द्यावं. जाड, चमकदार अस्तर दिलं, की छटा मरते आणि सुंदर शँटिली छापील कापडासारखी सपाट दिसते.

29 एप्रिल 2011 रोजी लग्नात केट मिडलटनने घातलेला सारा बर्टनचा पोशाख या लेसचा स्वभाव ओळखून केला होता. फ्रेंच शँटिली आणि इंग्लिश लेस यांतली गुलाब, डॅफोडिल, थिसल, शॅमरॉक ही फुलं एकेक कापून रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कच्या कारागिरांनी रेशमी नेटवर हाताने जोडली. लेस आणि दोरा स्वच्छ राहावा म्हणून दर अर्ध्या तासाने हात धुतले जात, दर तीन तासांनी सुया बदलल्या जात. फुलं कापून सुटी केली, की जोड कुठे आहे ते कोणालाच दिसत नाही.

हीच युक्ती घरच्या ब्लाऊजला लागू पडते, आणि ती सगळ्यात जास्त उपयोगी पडते जीपीओला. समजा, साडीवर घालायला गुलाबाच्या नक्षीच्या जीपीओचं पाऊण बाहीचं ब्लाऊज शिवायचं आहे. सव्वा मीटर कापड लागत असेल तर नक्षीचं एक आवर्तन, बहुधा वीस-पंचवीस सेंटीमीटर, जादा घ्यावं, नाहीतर पुढच्या दोन भागांवरचे गुलाब एका रेषेत येत नाहीत. आधी अस्तराचं ब्लाऊज टक्ससकट शिवून अंगावर बेतून घ्यावं. मग ते बुजगावण्यावर चढवून वर लेस ठेवावी, मधला गुलाब बरोबर छातीच्या मध्यावर. टक्सची जागा आली, की लेस दुमडून शिवायची नाही. तसं केलं तर आत चार पदरी गाठ होते, ती वरून उठून दिसते आणि टोचते. त्याऐवजी टक्सच्या रेषेजवळच्या फुलाच्या कडेकडेने टोकापासून खालपर्यंत लेस कापावी, एक बाजू दुसरीवर सरकवावी आणि वरच्या फुलाची कड बारीक टाक्यांनी खालच्या लेसला जोडावी. जोडून झालं, की आतली जादा लेस कापून टाकावी. टक्सचा आकार मिळतो, टक्स दिसत नाही.

या पद्धतीला एक मर्यादा आहे, आणि मराठी घरात ती महत्त्वाची ठरते. फुलावर फूल बसवून जोडलेल्या शिवणीत माया ठेवता येत नाही. दोन वर्षांनी ब्लाऊज सैल करायची वेळ आली, तर उसवायला काही उरत नाही. म्हणून जाणते शिंपी फक्त टक्स आणि खांदे असे जोडतात, बगलेखालची शिवण मात्र साधी ठेवतात. तिथे लेस आणि अस्तर एकत्र धरून इंचभर माया सोडतात, कडेला ओव्हरलॉक करतात. हात खाली असताना ती जागा झाकलेलीच असते. आयलेटला हा प्रश्न येत नाही, फक्त शिवण भोकातून जाणार नाही असं बेतायचं. शँटिलीत उलट: साधी शिवण जाळीतून काळ्या रेघेसारखी दिसते, त्यामुळे तिथे बगलेतही फुलं जोडावीत किंवा फार तर तीन-चार मिलिमीटरची दुहेरी शिवण घालावी.

उरला गळा. लेसच्या कडेला असलेली नागमोडी बॉर्डर कापून काढायची, गळ्याच्या वळणावर जिथे ती ताणली जाते तिथे दोन फुलांमधल्या दांड्या कापून सैल करायची आणि अस्तराच्या दुमडलेल्या कडेवर हाताने बसवायची. पट्टी नको, पाइपिंग नको. शेवटी जाड टर्किश टॉवेल पसरून त्यावर ब्लाऊज पालथं घालावं, ओलं मलमल ठेवावं आणि इस्त्री न ओढता नुसती दाबून उचलावी. ब्लाऊज सुलटं केलं, की गुलाब टॉवेलमध्ये रुतल्यामुळे पुन्हा वर उठलेले दिसतात.